खोक्याच्या कारखान्याचे मास्टर बजेट: ३१ लाखांचा नफा १४ लाखांवर कसा आला

ही हकिगत नाशिक जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे सोयीसाठी गोळाबेरीज केले आहेत. त्यांचे आपसातले प्रमाण मात्र जसेच्या तसे ठेवले आहे. छोट्या कारखान्यांचे कॉस्टिंग आणि अंदाजपत्रके करून देणे हा माझा व्यवसाय. हे काम माझ्याकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आले. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता आणि मालकांना बोलायलाही सवड नव्हती.

पार्श्वभूमी

कारखाना अर्ध-स्वयंचलित आहे. क्राफ्ट कागदाचे रील येतात, कोरुगेशन मशीनवर कागदाला नळ्या पडतात, मग पेस्टिंग, छपाई, स्लॉटिंग आणि शेवटी तारेने स्टिचिंग. कायम कामगार १८. माल दोन प्रकारचा. एक साधे खोके, जे फरसाणवाले आणि सुट्या भागांचे कारखाने वर्षभर नेतात, महिन्याला सुमारे ६० हजार. दुसरी द्राक्षाची पेटी, जी डिसेंबर ते एप्रिल एवढेच पाच महिने जाते, वर्षाला तीन लाख.

साध्या खोक्याचे वजन सरासरी ६०० ग्रॅम आणि भाव ३६ रुपये. द्राक्षाच्या पेटीचे वजन ४०० ग्रॅम आणि भाव २८ रुपये. पेटीला वरचा कागद पांढरा लागतो, छपाई जास्त रंगांची असते, हवेसाठी भोके पाडावी लागतात. म्हणून किलोमागे भाव जास्त, पण हातकामही जास्त.

मालकांना ३८ लाखांचे स्वयंचलित छपाई-स्लॉटिंग मशीन घ्यायचे होते. त्यातले २८ लाख बँकेकडून. बँकेने पुढच्या वर्षाचे अंदाजित नफा-तोटा पत्रक मागितले होते.

अडचण

मालकांनी ते स्वतःच करून ठेवले होते, एका पानावर. मागच्या वर्षीची विक्री ३१२ लाख, त्यात दहा टक्के वाढ म्हणजे ३४३.२ लाख. मागच्या वर्षी नफा विक्रीच्या नऊ टक्के होता, म्हणून यंदाही नऊ टक्के. झाले ३०.९ लाख. "सर, ३१ धरू या," ते म्हणाले. "विक्री तर पक्की आहे."

विक्री खरेच बऱ्यापैकी पक्की होती. गोंधळ तिच्या खालच्या भागात होता. कारखान्यात तीन वेगवेगळी अंदाजपत्रके नांदत होती आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. मालकांचे हे एक पान. स्टोअर सांभाळणाऱ्या मामांची कागद खरेदीची वही, जी ते विक्रीच्या आकड्यावरून नाही तर मागच्या वर्षीच्या बिलांवरून लिहीत. आणि सुपरवायझरच्या डोक्यातला "हंगामात किती पोरं लागतील" हा अंदाज, जो कुठेच लिहिलेला नव्हता. मालकांच्या नऊ टक्क्यांत मामांचा कागद किती भावाने बसला आहे आणि सुपरवायझरची पोरे बसली आहेत की नाहीत, हे कुणालाच सांगता आले नसते.

मास्टर बजेट म्हणजे या तिघांना एका साखळीत ओवणे. विक्रीवरून उत्पादन, उत्पादनावरून कागद आणि कामाचे तास, तासांवरून मजुरी, या सगळ्यावर कारखान्याचा इतर खर्च आणि शेवटी नफा. यात नफा आधी ठरवता येत नाही, तो तळाला आपोआप येतो. मालकांनी सुरुवात तिथूनच केली होती.

उत्पादन आणि तास

उत्पादनाचे सूत्र सोपे आहे: विक्री अधिक वर्षअखेर हवा असलेला तयार माल वजा वर्षाच्या सुरुवातीचा तयार माल. सुरुवातीचा आणि शेवटचा साठा सारखाच ठेवायचा ठरले, म्हणून वर्षाचे उत्पादन विक्रीइतकेच: साधी खोकी ७ लाख २० हजार आणि पेट्या ३ लाख.

इथे मालकांनी एक सूचना केली. मार्चअखेर ४० हजार खोकी जास्तीची करून ठेवू, साठा वाढला की नफाही वाढलेला दिसतो. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच सावध राहावे लागते. साठ्याचे मूल्य धरताना त्यात भाडे, घसारा, कायम पगार यांचा वाटा जातो. खोकी विकली गेलेली नसतात, पण तेवढा खर्च या वर्षातून उचलून पुढच्या वर्षात ढकलला जातो. आमच्या आकड्यांनी तो खोक्यामागे पावणेसहा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ४० हजारांवर सव्वादोन लाखांहून थोडा जास्त. सूचना मी बाजूला ठेवली. थोड्याच वेळात तिची गरजही उरली नाही, कारण मार्चमध्ये जास्तीचे एकही खोके करायला माणसे नव्हती.

हे कळले ते महिनेवार तक्ता मांडल्यावर. साध्या खोक्याला सर्व टप्पे मिळून २.४ मिनिटे मनुष्यश्रम लागतात, पेटीला ३ मिनिटे. हे आकडे दोन दिवस घड्याळ घेऊन शेडमध्ये उभे राहून काढले. सुपरवायझरचा तोंडी अंदाज दीड आणि दोन मिनिटांचा होता. रील बदलणे, छपाईची प्लेट बसवणे, गठ्ठे बांधणे हे त्याच्या लेखी कामच नव्हते.

१८ कामगार, दिवसाला ८ तास, महिन्याला २५ दिवस म्हणजे ३,६०० तास. पगार इतक्या तासांचा. रजा आणि गैरहजेरी दहा टक्के, म्हणजे हाती ३,२४० तास. साध्या खोक्यांना महिन्याला २,४०० तास लागतात. मे ते नोव्हेंबर दर महिन्याला ८४० तास रिकामे जातात, त्यांचा पगार मात्र दिला जातो. हंगामात चित्र उलटते:

| महिना | लागणारे तास | कमी पडणारे तास |
|---|---|---|
| डिसेंबर | ३,९०० | ६६० |
| जानेवारी | ५,४०० | २,१६० |
| फेब्रुवारी | ६,९०० | ३,६६० |
| मार्च | ६,९०० | ३,६६० |
| एप्रिल | ३,९०० | ६६० |

एकूण तूट १०,८०० तासांची. वार्षिक बेरजेत ही तूट निम्म्याहून जास्त लपते, कारण पावसाळ्यातले रिकामे तास हंगामातल्या तुटीत मिसळतात. फेब्रुवारीत लागणारा तास जूनमध्ये मिळून उपयोग नाही. हंगामी धंद्याचे मजुरीचे अंदाजपत्रक महिनेवारच करावे लागते ते यासाठी.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे आजवर चालत आले तेच: ऑर्डर आली की माल करायचा. तूट भरायला ओव्हरटाइम आणि कंत्राटी मजूर. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो. १५ हजार पगाराच्या कामगाराचा तास ७५ रुपयांना पडतो, ओव्हरटाइमचा १५० रुपयांना. माणसे थकतात आणि कायद्याची मर्यादाही असते, म्हणून महिन्याला ६०० तासच धरले. पाच महिन्यांचे साडेचार लाख. उरलेले ७,८०० तास कंत्राटी. ठेकेदाराचा दर तासाला ८५ रुपये, ऐकायला स्वस्त. पण नव्या माणसाचे काम जुन्याच्या तीन चतुर्थांश, म्हणून ७,८०० तासांच्या कामाला १०,४०० तास विकत घ्यावे लागतात. त्याचे ८.८४ लाख. एकूण हंगामी मजुरी १३.३४ लाख.

दुसरा पर्याय मालकांचा आवडता: पावसाळ्यातल्या रिकाम्या तासांत द्राक्षाच्या पेट्या करून ठेवायच्या. कागदावर हा उत्तम दिसतो, पण दोन ठिकाणी अडतो. पेटीवर निर्यातदाराचे किंवा बागायतदाराचे नाव छापलेले असते, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी होऊन घड दिसल्याशिवाय कुणी नक्की आकडा देत नाही. मधे अवकाळी आला तर तोही आकडा पुसला जातो. दुसरी अडचण ओलाव्याची. पावसाळ्यातली दमट हवा पुठ्ठा शोषून घेतो, नळ्या मऊ पडतात आणि थप्पीतली खालची पेटी दबते. शीतगृहात चढणाऱ्या पेटीत हा दोष चालत नाही.

तिसरा पर्याय तास महिनेवार मांडल्यावर सुचला. पेट्या आधी करता येत नाहीत, पण साधी खोकी येतात. ती नेणारे ठरलेले, आकार ठरलेले, छपाईही वर्षानुवर्षे तीच. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या रिकाम्या २,५२० तासांत ६३ हजार साधी खोकी जास्तीची करायची आणि जानेवारी ते मार्चमध्ये दर महिन्याला २१ हजार त्या साठ्यातून द्यायची. हंगामात तितके तास पेट्यांसाठी मोकळे होतात. सप्टेंबरची हवा थोडी दमटच असते, म्हणून त्या महिन्यात केलेला माल सर्वात आधी बाहेर काढायचा.

या पर्यायात मजुरी जवळपास फुकट पडते, कारण ते तास पगारात आधीच मोजलेले आहेत. खर्च येतो तो अडकलेल्या पैशाचा आणि जागेचा. एका खोक्यात कागद, स्टार्च, तार मिळून २५ रुपये जातात, म्हणजे ६३ हजारांत पावणेसोळा लाख साधारण चार महिने अडकतात. ११ टक्क्यांनी व्याज ५८ हजार. शेजारच्या शेडचे सहा महिन्यांचे भाडे ९० हजार. कंत्राटी मजुरीत बचत २.८६ लाख. निव्वळ फायदा सुमारे १ लाख ३८ हजार. आकडा मोठा नाही, हे मी मालकांना स्पष्ट सांगितले. तरी आम्ही हाच पर्याय घेतला, कारण हंगामात नवी माणसे कमी म्हणजे वाया जाणारा कागदही कमी होणार होता. ती बचत अंदाजपत्रकात धरली नाही; जे मोजून पाहिलेले नाही ते नफ्यात घ्यायचे नाही असे ठरवले होते.

कागदाची खरेदी

खोक्यांचे वजन ५५२ टन: साध्यांचे ४३२, पेट्यांचे १२०. कात्रण आणि खराबी मिळून आठ टक्के. मामा ५५२ वर आठ टक्के चढवत आणि ५९६ टन लिहीत. पण हे आठ टक्के मोजले जातात मशीनवर चढवलेल्या कागदावर. शंभर किलो चढवला की ब्याण्णव किलो खोकी मिळतात. म्हणून ५५२ ला ०.९२ ने भागायचे: ६०० टन. फरक ३.८४ टनांचा, पैशात १ लाख ४३ हजार. दरवर्षी फेब्रुवारीत "कागद कमी पडला" म्हणून दोन-तीन टन चढ्या भावाने उधार आणावा लागे, त्याचे एक कारण या भागाकारात होते. आपल्याकडेही असे होत आहे का, हे तपासायला महिन्याला स्टोअरमधून निघालेले रीलचे वजन आणि तयार मालाचे वजन शेजारी शेजारी लिहिले की पुरते.

खरेदीचे सूत्र उत्पादनासारखेच: लागणारा कागद अधिक शेवटचा साठा वजा सुरुवातीचा साठा. सुरुवातीला ४० टन होता. भाव वाढतील या धास्तीने मालकांना मार्चअखेर ५५ टन हवा होता, म्हणजे खरेदी ६१५ टन. नफ्यावर याचा परिणाम शून्य, कारण न वापरलेला कागद खर्चात जात नाही. म्हणून हे कुणाच्या डोळ्यांवर आले नसते. ते दिसले रोख अंदाजपत्रकात. निर्यातदार ७५ दिवसांनी पैसे देतात आणि गिरणीला ३० दिवसांत द्यावे लागतात, म्हणून कॅश क्रेडिटचा, म्हणजे बँकेकडून ठरल्या मर्यादेपर्यंत उचलता येणाऱ्या पैशाचा, सर्वोच्च वापर नेमका मार्चअखेर येतो. मर्यादा ४० लाख, आणि ५५ टन कागद धरला तर वापर ४३.८ लाख. जास्तीच्या १५ टनांचे ५.६ लाख काढले तर ३८.२ लाख. साठा ४० टनांवरच ठेवायचे ठरले. आधी केलेल्या ६३ हजार खोक्यांचा भार मात्र या टोकावर पडत नव्हता. तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पडत होता, तेव्हा मर्यादेत भरपूर जागा होती, आणि मार्चअखेर तो साठा संपलेला असणार होता.

नफ्याचा आकडा

साध्या खोक्याचा कागद किलोला ३६ रुपये, पेटीचा मिश्र भाव ४२. कायम कामगारांच्या पगारावर भविष्य निर्वाह निधीचे मालकाकडून १३ टक्के, ईएसआयचे ३.२५ आणि बोनसचे ८.३३ धरले. जीएसटी या तक्त्यात नाही, तो रोख अंदाजपत्रकात होता.

| बाब | लाख रुपये |
|---|---|
| विक्री | ३४३.२० |
| कागद, ६०० टन | २२३.८३ |
| वजा: कात्रणाची विक्री, ४८ टन | (५.७६) |
| स्टार्च, तार, शाई | १३.८० |
| कायम कामगार | ४०.३६ |
| ओव्हरटाइम आणि कंत्राटी मजुरी | १०.४८ |
| उत्पादनावरची वीज | ६.६२ |
| भाडे, सुपरवायझर, दुरुस्ती, विमा, घसारा | १९.०० |
| माल पोचवणे | ८.२८ |
| कार्यालय | ७.२० |
| जादा गोदाम | ०.९० |
| व्याज | ४.२० |
| अंदाजित नफा | १४.२९ |

मालक बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मागच्या वर्षी २८ झाले होते. माल जास्त विकून निम्मे कसे?" प्रश्न रास्त होता. ३०.९ आणि १४.३ यांतला फरक १६.६ लाखांचा, त्यातला १३.८ लाख एकट्या कागदाचा. मागच्या वर्षी सरासरी भाव ३५ रुपये पडला होता, आता ३७.३०. किलोमागे २.३० गुणिले ६०० टन. खोक्याचा भाव मात्र जुनाच होता. उरलेले २.८ लाख वाढलेली मजुरी आणि गोदाम. मागचा टक्का पुढच्या वर्षाला लावला की मागचा कागदाचा भावही गुपचूप पुढे येतो.

साखळी जुळल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते सगळ्या कामातली सर्वात मोलाची तीच. द्राक्षाच्या पेटीतून कागद, वीज, वाहतूक वगैरे बदलता खर्च वजा केला तर ८ रुपये ८ पैसे उरतात. पण हंगामातली शेवटची पेटी कायम कामगार करत नाही, कंत्राटी करतो. त्या तीन मिनिटांचे ५ रुपये ६७ पैसे जातात आणि हाती २ रुपये ४१ पैसे राहतात. साध्या खोक्यातून बदलता खर्च जाऊन १० रुपये उरतात, आणि मे ते नोव्हेंबर त्याच्या मजुरीला वेगळा पैसा लागत नाही. ज्या हंगामासाठी सगळा कारखाना जिवाचे रान करत होता, त्याच्या वरच्या थरात फारसे काही उरत नव्हते.

काय केले

पहिले काम भावाचे. कागद किलोला एक रुपयाने वाढला तर साध्या खोक्याला ६५ पैसे जास्त लागतात, कारण ६०० ग्रॅमच्या खोक्यात ६५२ ग्रॅम कागद जातो. हे गणित घेऊन मालक तीन मोठ्या ग्राहकांकडे गेले. मागणी दीड रुपयाची होती. दोघांनी १ जुलैपासून ९० पैसे मान्य केले, तिसऱ्याने चहा पाजून परत पाठवले. मान्य झालेल्या वाढीचे उरलेल्या नऊ महिन्यांत ३.२४ लाख. अंदाजित नफा १७.५३ लाख झाला. त्या दोघांशी एक कलमही ठरले: कागद मूळ भावापेक्षा दीड रुपयाहून जास्त हलला तर खोक्याचा भाव त्या प्रमाणात बदलेल.

दुसरे, मशीन. २८ लाखांच्या कर्जाचा हप्ता वर्षाला ७.३ लाख, जुन्या कर्जाची मुद्दल ६ लाख. घसारा रोखीने बाहेर जात नाही, म्हणून तो नफ्यात परत मिळवला. नफा अधिक घसारा म्हणजे २२.७ लाखांतून हे दोन्ही वजा केले की प्राप्तिकर आणि घरखर्चासाठी ९.४ लाख उरत होते. ३१ लाखांच्या हिशेबात हीच रक्कम जवळपास २३ लाख दिसत होती. मशीन एक वर्ष पुढे ढकलायचे ठरले. मालकांना ते जड गेले. मशीनवाल्याकडे ५१ हजार आगाऊ भरले होते, त्यावर पाणी सोडावे लागले.

तिसरे, ठेकेदार. हंगामात ऐन वेळी माणसे मिळत नाहीत या भीतीने मालकांनी ऑगस्टमध्येच ६,००० तासांची किमान हमी दिली. मला त्यांनी नंतर सांगितले. अंदाजपत्रकात ७,०४० तास होते, म्हणून मीही हरकत घेतली नाही.

काय झाले

सप्टेंबर ते नोव्हेंबरची खोकी ठरल्याप्रमाणे झाली आणि मार्चअखेर साठा संपला. कॅश क्रेडिट ४० लाखांच्या आत राहिले. हंगामातली कात्रण घटली आणि वर्षाची सरासरी आठवरून ७.६ टक्क्यांवर आली. त्याचे कात्रणविक्री वजा जाता ६५ हजार मिळाले.

पण जानेवारीत फळ तडकले आणि पेट्या २ लाख ६२ हजारच गेल्या. ३८ हजार कमी. प्रत्येकी २.४१ प्रमाणे नुकसान ९२ हजारांचे व्हायला हवे होते, कारण तितके कंत्राटी तास घ्यायचेच नव्हते. प्रत्यक्षात गरज ४,५०० तासांची आणि हमी ६,००० ची. नुकसान झाले २.१९ लाख.

कागदाचा वर्षाचा सरासरी भाव ३७.९० पडला, अंदाजापेक्षा ६० पैसे जास्त. साडेतीन लाख गेले. भावाचे कलम मात्र एकदाही लागू झाले नाही. कागद सर्वात वर गेला तेव्हाची वाढ होती १ रुपया ४० पैसे.

वर्षाचा नफा १२.५ लाख. अंदाजापेक्षा पाच लाख कमी, पण प्रत्येक लाख कुठे गेला ते सांगता येत होते. हप्ता सुरू असता तर घरखर्च आणि करासाठी साडेचार लाखांच्या आसपास उरले असते.

वेगळे काय करता आले असते

भावाचे कलम दीड रुपयाऐवजी पन्नास पैशांवर आणि तिमाहीच्या सरासरीवर बेतायला हवे होते. दीड रुपया हा आकडा माझाच होता. ग्राहक बिचकू नयेत म्हणून मी तो मोठा ठेवला. त्या पट्ट्याच्या आत किती पैसे गळू शकतात हे त्याच तक्त्यावरून दोन मिनिटांत काढता आले असते: दोघा ग्राहकांची वर्षाला ४ लाख ८० हजार खोकी, प्रत्येकात ६५२ ग्रॅम कागद, आणि दीड रुपया. चार लाख ७० हजार.

ठेकेदाराची हमी महिनेवार हवी होती, डिसेंबर-जानेवारीची पक्की आणि पुढची जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरवायची. दर तासाला पाच-सात रुपये वाढला असता तरी परवडले असते. मूळ चूक मात्र माझ्या मांडणीत होती. कंत्राटी मजुरी मी पूर्णपणे बदलता खर्च म्हणून लिहिली होती, आणि हमी दिल्याच्या क्षणी तिचा मोठा भाग स्थिर झाला. तक्त्यात तो रकाना कुणी हलवला नाही. पेट्या ३ लाखांऐवजी अडीच लाख गेल्या तर काय, हा दुसरा तक्ता मी मार्चमध्येच केला असता तर ६,००० चा आकडा तिथे लगेच खटकला असता.

तिसऱ्या ग्राहकाबद्दल अजून निर्णय झालेला नाही. त्याचा भाव वाढलेला नाही, पण पावसाळ्यातले रिकामे तास त्याच्याच खोक्यांनी भरतात. मालक त्याला सोडायला निघाले होते. मी त्यांना फक्त मे ते नोव्हेंबरचा माल घेण्याची अट घालून बघायला सांगितले आहे, म्हणजे हंगामाआधीच त्याने आपला साठा उचलायचा. जागा त्याच्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात मालक परत चहाला जाणार आहेत.